‘दिला क्षीरसिंधू तया ऊपमानी’: हा ऊपमानी कोण आणि त्याला समुद्र कशाला हवा होता?

सुमेधा_व (धागाकर्ती)

आमच्या इथे बंगळूरला मंडळाचा रविवारचा मुलांचा वर्ग असतो. सध्या मनाचे श्लोक चाललेत आणि आम्ही ११६ वर अडकलोय. श्लोक असा:

बहू श्रापितां कष्टला अंबऋषी ।
तयाचे स्वयें श्रीहरी जन्म सोशी ॥
दिला क्षीरसिंधू तया ऊपमानी ।
नुपेक्षी कदा देव भक्ताभिमानी ॥

पुढचे श्लोक मुलांना पटापट कळतात. ध्रुव, गजेंद्र, अजामिळ, प्रल्हाद, सगळे ओळखीचे. पण तिसऱ्या ओळीपाशी एका पोराने विचारलं, “समुद्र कुणाला दिला? आणि समुद्राचं तो करणार काय?” माझ्याकडची प्रत खिशात मावणारी, तिच्यात अर्थ नाही. सहशिक्षिका म्हणतात की ‘उपमान’ म्हणजे उपमा, म्हणजे ‘क्षीरसागराच्या तोडीचं काहीतरी दिलं’. मला ते पचत नाही, कारण ‘तया’ म्हणजे कुणाला तरी दिलंय.

मला नुसतं उत्तर नकोय. नाव नीट ओळखू येत नसेल, गोष्ट माहीत नसेल, तर शोधायला सुरुवात कुठून करायची? आणि गोष्ट सापडली तरी कवीच्या मनात तीच होती हे कसं ठरवायचं?

---

बंडोपंत_कराड

सोपं आहे हो ताई. ऊपमानी म्हणजे उपमन्यू. धौम्य ऋषींचा शिष्य. आम्हाला चौथीत गुरुजींनी सांगितलेली गोष्ट अजून तोंडपाठ आहे.

गुरूंनी त्याला गाई राखायला ठेवलं. पोरगं धष्टपुष्ट दिसतंय म्हणून विचारलं, खातोस काय? म्हणाला, भिक्षा. गुरू म्हणाले, ती मला आणून द्यायची. मग तो दुसऱ्यांदा भिक्षा मागायला लागला, तीही बंद. मग गाईंचं दूध पिऊ लागला, तेही बंद. मग वासरांच्या तोंडचा फेस चाटू लागला, गुरू म्हणाले वासरं तुझ्यासाठी जास्त फेस टाकत असतील, ती उपाशी राहतील. शेवटी भुकेने रुईची पानं खाल्ली, आंधळा झाला, विहिरीत पडला. गुरूंच्या सांगण्यावरून अश्विनीकुमारांची स्तुती केली आणि डोळे परत आले. महाभारत, आदिपर्व. बघा उघडून.

क्षीरसिंधू म्हणजे मग दुधाचा सुकाळ असं समजायचं. काव्यात वाढवून म्हणतातच.

---

सुमेधा_व

बंडोपंत, धन्यवाद, नाव लागलं हे फार झालं. आदिपर्व रात्रीच काढून वाचलं, तुम्ही म्हणता तशीच गोष्ट आहे. पण त्यात त्याला शेवटी दूध मिळतच नाही. अश्विनीकुमार त्याला एक अपूप देतात, तोही तो गुरूंना दिल्याशिवाय खात नाही. मग डोळे मिळतात आणि दात सोन्याचे होतात. समुद्र कुठेच नाही.

---

गळा_आणि_ताल

तुम्ही मुलांना चालीवर म्हणायला शिकवता की नुसतं पाठ? सगळे जण ही ओळ चुकीची म्हणतात म्हणून सांगतो. ‘उपमानी’ असं आखूड म्हणू नका, ‘ऊ’ लांबवा. ‘तया ऊ’ वर टाळी येते. पहिल्या ओळीतला ‘अंबऋषी’सुद्धा ‘ऋ’ ओढून म्हणायचा, नाहीतर ताल लंगडतो. हार्मोनियमवर काळी दोन घेतली तर मुलांना बरं पडतं. ध्वनिफीत हवी असेल तर पाठवतो.

---

जुनी_पोथी

गळा_आणि_ताल यांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही, पण चावी तीच आहे. सगळे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. ‘दिला क्षी–रसिंधू–तया ऊ–पमानी’. आता इथे ‘उपमन्यू’ बसवून बघा. उ आणि प, दोन लघु शेजारी येतात आणि वृत्त मोडतं. म्हणून उ दीर्घ झाला, आणि शेवट ‘भक्ताभिमानी’शी जुळवायचा म्हणून ‘मन्यू’चं ‘मानी’ झालं. जुन्या मराठी कवितेत अनोळखी नाव दिसलं की मी पहिल्यांदा हेच करतो: वृत्तासाठी किंवा यमकासाठी काय वाकवलं असेल ते सरळ करून बघायचं. शब्दकोशात ‘ऊपमानी’ शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही. उपमा-उपमानाचा अर्थ ‘तया’ या शब्दावरच आपटतो, हे तुम्ही बरोबर ओळखलंत.

तेव्हा बंडोपंतांनी नाव बरोबर सांगितलं. माणूस मात्र दुसरा.

महाभारतात उपमन्यूची गोष्ट दोन ठिकाणी येते. एक आदिपर्वात अगदी सुरुवातीला, तिसऱ्या अध्यायात. दुसरी थेट अनुशासनपर्वात, चौदाव्या अध्यायात. कुणीही नाव शोधायला बसला की त्याला आदिपर्व आधी सापडतं, तिथे गाई आहेत, दूध आहे, भुकेला पोरगा आहे, आणि तो समाधानाने पुस्तक मिटतो. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ अशा वेळी फार उपयोगी, कारण तिथे एका नावाच्या व्यक्ती वेगवेगळ्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीपुढे मूळ ग्रंथातली जागा असते. कोशातली हकीकत वाचून थांबू नये, जागा घेऊन मूळ ग्रंथाकडे जावं. आवृत्त्यांमध्ये श्लोकांचे आकडे पुढेमागे होतात, म्हणून श्लोक क्रमांकापेक्षा प्रसंग धरून शोधा.

अनुशासनपर्वातली गोष्ट अशी. व्याघ्रपाद नावाचे ऋषी, त्यांचा मुलगा उपमन्यू. धाकटा भाऊ धौम्य. (गंमत बघा, आदिपर्वात धौम्य हा गुरू आणि इथे धाकटा भाऊ. गल्लत व्हायला आणखी काय हवं?) दोघे खेळत खेळत एका आश्रमात जातात, तिथे दुभती गाय असते. तिचं दूध उपमन्यूला चाखायला मिळतं. घरी येऊन आईकडे दूधभात मागतो. घरात गाय नाही. आई पीठ पाण्यात कालवते आणि दूध म्हणून पुढे करते. पण पोराने खरं दूध चाखलेलं असतं. तो म्हणतो, हे दूध नव्हे. आई त्याला जवळ घेऊन सांगते, कंदमुळं खाऊन रानात राहणाऱ्यांकडे दूधभात कुठला बाळा, शंकराच्या प्रसादाशिवाय तो मिळायचा नाही.

पोरगा तपाला बसतो. शंकर येतो तो इंद्राचं रूप घेऊन, पांढऱ्या हत्तीवर बसून. वर माग म्हणतो. उपमन्यू म्हणतो, शंकराने सांगितलं तर मी किडा होईन, पतंग होईन, पण इंद्राने दिलेलं त्रैलोक्याचं राज्यसुद्धा मला नको. मग खरं रूप प्रकट होतं, आणि वरात जे मिळतं त्यात हे आहे: तू जिथे इच्छा करशील तिथे क्षीरसागर तुझ्याजवळ असेल.

आता रामदासांची ओळ परत वाचा. ‘दिला’, ‘क्षीरसिंधू’, ‘तया’. तिन्ही शब्दांना या गोष्टीत जागा आहे. आदिपर्वातल्या गोष्टीत ‘क्षीरसिंधू’ला जागा नाही, म्हणून तर बंडोपंतांना तो शब्द ‘वाढवून म्हटलंय’ असं म्हणून बाजूला ठेवावा लागला. माझी कसोटी एवढीच असते. ओळीतला एखादा ठोस शब्द गोष्टीत न बसता उरला, की समजायचं आपण चुकीच्या दारात उभे आहोत.

---

विदर्भवासी

थांबा थांबा. पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून देणं ही अश्वत्थाम्याची गोष्ट आहे! द्रोणाचार्य गरीब होते, मुलगा दूध मागत होता. सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तुम्ही दोन गोष्टींची खिचडी करताय.

---

जुनी_पोथी

खिचडी नाही, दोन्ही गोष्टी महाभारतातच आहेत. अश्वत्थाम्याची आदिपर्वात आहे, द्रोण स्वतःच ती भीष्मांना सांगतात. पण नीट बघितलं तर दोन्हींत एक फरक आहे आणि तो बारीक नाही. अश्वत्थाम्याला पिठाचं पाणी गावातली पोरं देतात, आणि तो ‘मी दूध प्यालो’ म्हणून नाचतो. त्याला चव माहीतच नाही. बापाला ते बघवत नाही, तो जुना मित्र म्हणून द्रुपदाकडे जातो आणि अपमान होऊन परततो. पुढचं सगळं वैर तिथून सुरू होतं. उपमन्यूला पीठपाणी आई देते, आणि त्याला चव माहीत असल्यामुळे तो फसत नाही. म्हणून त्याची वाट राजाकडे न जाता देवाकडे जाते.

एकच खूण धरून (‘पीठपाणी’) गोष्ट ओळखायला गेलं की असं होतं. रामदासांच्या ओळीत तर पीठपाणी मुळात नाहीच. ओळीत आहे तो समुद्र, आणि समुद्र अश्वत्थाम्याला कुणी दिलेला नाही.

---

विदर्भवासी

हे पटलं. पण आमच्याकडे कीर्तनात अश्वत्थाम्याचीच ऐकलीय, हे मी सोडणार नाही.

---

शंका_समाधान

मला वेगळाच प्रश्न पडलाय. वर दिलंय कुणी? शंकराने. आणि रामदास ही ओळ कुठे घालतायत? आधीची ओळ श्रीहरीची, खाली गजेंद्र, मत्स्य, नृसिंह, वामन, सगळे विष्णूचे पराक्रम. म्हणजे शंकराने दिलेलं विष्णूच्या खात्यावर टाकलं. ही समर्थांची चूक म्हणायची का? की त्यांच्यापुढे दुसरीच कथा होती, ज्यात विष्णूने दिलं?

---

सुमेधा_व

हाच प्रश्न मला विचारायचा होता, फक्त ‘चूक’ म्हणायचा धीर होत नव्हता.

---

कावेरीकाठ

मी तंजावरचा. आमची मराठी तुम्हांस थोडी जुनाट वाटेल, सांभाळून घ्या. घरी मनाचे श्लोक आहेत, रामदासांचे शिष्य भीमस्वामी इकडे आले तेव्हापासून इकडे मठ आहेत. आणि शेजारीपाजारी सगळे तमिळ, म्हणून शिवाच्या देवळातली तेवारम-तिरुमुरै ही तमिळ स्तोत्रंही कानावर असतात.

उपमन्यू इकडे लहान पोरांनाही माहीत आहे, पण नावाने नव्हे. सेंदनार म्हणून शिवभक्त कवी होऊन गेले, त्यांचं ‘तिरुप्पल्लांडु’ आहे. त्यात एका कडव्याचा अर्थ असा, की दुधासाठी बाळ रडलं तेव्हा ज्या प्रभूने दुधाचा सागर दिला. बाळाचं नाव घेतलेलंच नाही. आणि लगेच पुढे म्हणतात, ज्याने विष्णूला चक्र दिलं. म्हणजे त्या कडव्यात विष्णू हा घेणारा आहे, देणारा शिव. चिदंबरमच्या नटराजाशी हे गाणं जोडलेलं आहे, मार्गळी महिन्यात आर्द्रा दर्शनाच्या वेळी रथ अडला आणि सेंदनारांनी हे गायल्यावर हलला अशी इकडची आख्यायिका.

आणि व्याघ्रपाद म्हणालात ना, ते तर चिदंबरमचेच. पतंजली आणि व्याघ्रपाद, दोघांनी तिथे नृत्य पाहिलं असं सांगतात. वाघाचे पाय असलेली त्यांची मूर्ती मी दर खेपेस बघतो. उपमन्यू त्यांचा मुलगा हे मात्र या धाग्यावर वाचेपर्यंत डोक्यात जोडलं गेलं नव्हतं.

रामदासांनी इकडून घेतलं असं म्हणायचं नाही मला. पण शंकराने दिला हे इकडे इतकं पक्कं आहे की विष्णूने दिला म्हटलं तर देवळात तेवारम गाणारा ओदुवार अंगावर येईल.

---

जुनी_पोथी

कावेरीकाठ, वा. सेंदनारांचं कडवं आणि रामदासांची ओळ शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. गोष्ट एकच, समुद्र एकच, आणि दोघे तिचा उपयोग अगदी वेगळ्या कामाला करतात. सेंदनारांना शिव सगळ्यांचा दाता आहे हे म्हणायचंय, म्हणून शेजारी चक्र घेणारा विष्णू येतो. रामदासांना काय म्हणायचंय ते ओळीत शोधू नका, शेजारच्या श्लोकांत शोधा.

शंका_समाधान यांच्या प्रश्नाला माझं उत्तर दोन भागांत आहे, आणि दुसऱ्या भागाबद्दल मी हट्ट धरणार नाही.

पहिला भाग पालुपदाचा. तिसाव्या श्लोकाच्या आसपास पालुपद आहे ‘नुपेक्षी कदा रामदासाभिमानी’. तिथे ‘अहल्या शिळा राघवें मुक्त केली’ येतं, म्हणजे देव कोण ते अगदी ठरलेलं. ११६ पासून पुढे मात्र पालुपद बदलतं: ‘नुपेक्षी कदा देव भक्ताभिमानी’. राम जाऊन ‘देव’ येतो. हे मुद्दाम केलं की काय, ते रामदासच जाणोत, पण इथे दार थोडं रुंद झालंय हे खरं. रुंद दारातून शंकरही आत येऊ शकतो. ‘लवथवती विक्राळा’ लिहिणाऱ्याला शंकराचं वावडं नव्हतं.

शिवाय मूळ गोष्ट कोण कुणाला सांगतोय ते बघा. अनुशासनपर्वात जांबवतीला मुलगा हवा म्हणून कृष्ण हिमालयात उपमन्यूच्या आश्रमात जातो, आणि उपमन्यू आपलं बालपण कृष्णालाच सांगतो. पिठाच्या पाण्याची गोष्ट सांगताना तो मध्येच ‘माधवा’ अशी हाक मारतो. मग कृष्ण त्याच्याकडून दीक्षा घेऊन शंकराचं तप करतो. श्रीहरी या गोष्टीत आहे, पण देणारा म्हणून नव्हे, ऐकणारा म्हणून. तेव्हा ‘विष्णूच्या खात्यावर टाकलं’ असं म्हणण्याआधी मी थांबेन.

दुसरा भाग हा, की ही गोष्ट इथेच का? पुढचा, ११७ वा श्लोक घ्या: ‘धुरू लेंकरूं बापुडें दैन्यवाणें, कृपा भाकितां दीधली भेटि जेणें’. ध्रुव आणि उपमन्यू पाठोपाठ. दोघं लहान मुलं. एकाला बापाची मांडी मिळत नाही, एकाला वाटीभर दूध. दोघांनाही त्यांच्या आयाच देवाची वाट दाखवतात, कारण दोन्ही आया स्वतः ते देऊ शकत नाहीत. आणि दोघांनाही मागितल्यापेक्षा कितीतरी पट अधिक मिळतं, एकाला मांडीऐवजी आकाशातली अढळ जागा, एकाला वाटीऐवजी समुद्र. मला वाटतं रामदासांना ही जोडी हवी होती. देणारा कोण हा प्रश्न त्यांनी मागे सारला, मागणारा किती लहान आहे ते पुढे आणलं. संतांच्या अभंगांतही उपमन्यू बहुधा ध्रुव-प्रल्हादांच्या पंगतीलाच बसलेला सापडतो, शिवभक्तांच्या यादीत नव्हे.

मुलांना हे सांगा. ‘समुद्राचं करणार काय’ हा तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न या श्लोकाचा गाभाच आहे. काही करणार नाही. त्याला वाटीभर पुरलं असतं.

---

शंका_समाधान

पालुपदाचं पटलं. पण ‘देव’ म्हणजे शंकरही, हे मला ओढून आणल्यासारखं वाटतं. त्याच पालुपदाखाली पुढे मत्स्य, वराह, वामन येतात. दहा श्लोकांत नऊ वेळा ‘देव’ म्हणजे विष्णू आणि एकदाच शंकर, असं कसं? मला वाटतं रामदासांच्या काळापर्यंत गोष्ट लोकांच्या तोंडी पार विष्णुमय झाली असावी. क्षीरसागर म्हटला की त्यात शेष आणि वर विष्णू, हे चित्र डोळ्यासमोर येतंच. समुद्र ज्याचा, दिला त्यानेच, असं ऐकणाऱ्याला आपोआप वाटणार.

---

जुनी_पोथी

हे होऊ शकतं. चांगला मुद्दा आहे, माझ्याकडे खोडायला काही नाही. रामदासांच्या आधीच्या मराठी कथांमध्ये देणारा विष्णू असलेलं स्पष्ट रूप मिळालं तर तुमचं म्हणणं जड होईल. नुसता ‘देव’ शब्द असलेले उल्लेख दोन्ही बाजूंना चालतील.

---

नलू_आजी

इतकं सगळं वाचलं, छान वाटलं. आमच्या लहानपणी पाटावर बसून म्हणायचो, तेव्हा ‘तया उपमा नी’ असं तोडून म्हणायचो, म्हणजे ‘त्याला उपमा नाही’! सासूबाईंनी पण तेच सांगितलेलं. आता ऐंशीव्या वर्षी उपमन्यू भेटला. नातीला तर उपमा म्हणजे नाश्त्याचाच माहीत, ती हसून लोळली.

---

सुमेधा_व

आजी 😄 आमच्या वर्गातही तो विनोद झालाच.

जुनी_पोथी, तुमची कसोटी मी आता पहिल्या दोन ओळींना लावून बघितली आणि आणखीनच अडकले. अंबरीष म्हटल्यावर भागवत काढलं, नवव्या स्कंधातले चौथा-पाचवा अध्याय. अंबरीषाचं द्वादशीचं व्रत, दुर्वास स्नानाला गेलेले, पारण्याची वेळ टळू नये म्हणून राजा फक्त पाणी पितो. दुर्वास चिडतात, जटेतून कृत्या काढतात, सुदर्शन चक्र तिला जाळतं आणि दुर्वासांच्याच मागे लागतं. वर्षभर पळून शेवटी ते राजाच्या पायाशी येतात. गोष्ट सुंदर आहे. पण यात ‘बहू श्रापितां’ कुठे? राजाला शाप बसतच नाही. आणि ‘तयाचे जन्म श्रीहरी सोशी’ तर अजिबातच नाही. म्हणजे तुमच्याच कसोटीने मी चुकीच्या दारात उभी आहे?

---

बंडोपंत_कराड

इथे मात्र मी सांगतो, कारण हे आमच्याकडे कीर्तनात शेकडो वेळा ऐकलंय. दुर्वासांनी अंबऋषीला शाप दिला की तुला दहा वेळा गर्भवास भोगावा लागेल. देव म्हणाला, माझ्या भक्ताचे जन्म मी घेतो. म्हणून दहा अवतार. मासा, कासव, डुक्कर, सगळे त्या शापाचे. रामदासांनी तेच लिहिलंय. भागवतात नसलं म्हणून काय झालं?

---

जुनी_पोथी

बंडोपंत, या वेळी कसोटी तुमच्या बाजूने आहे. ‘श्राप’, ‘जन्म’, ‘सोशी’, तिन्ही शब्द तुमच्या गोष्टीत बसतात आणि भागवतात बसत नाहीत. अंबऋषीसाठी देवाने गर्भवास सोसले हा उल्लेख अभंगांतही पुष्कळदा येतो, तेव्हा रामदासांच्या श्रोत्यांना तो सांगावा लागत नसणार. नावसुद्धा बघा, संस्कृत ‘अंबरीष’चा मराठीत ‘अंबऋषी’ झालाय, राजाचा जवळजवळ ऋषीच. नाव इतकं बदललं असेल तर गोष्टही पुस्तकातून न येता तोंडातोंडी आलेली असण्याचा संभव जास्त. भागवत उघडून ‘समर्थांना गोष्ट नीट माहीत नव्हती’ म्हणणारे लोक मी पाहिलेत. त्यांनी चुकीची प्रत लावून कवितेला नापास केलेलं असतं.

फक्त पुढचा प्रश्न उरतोच, की ही दहा जन्मांची गोष्ट आली कुठून. लिंगपुराणात आणि अद्भुत रामायणात अंबरीषाची वेगळीच कथा आहे. त्याची मुलगी श्रीमती, तिच्याशी लग्न करायला नारद आणि पर्वत दोघेही ऋषी येतात, विष्णू त्यांची फजिती करतो आणि शापापायी त्याला दशरथाच्या घरी जन्म घ्यावा लागतो. इथे अंबरीष आहे, शाप आहे, विष्णूचा जन्म आहे. पण दुर्वास नाहीत, आणि जन्म एकच. भागवतातून दुर्वास आणि इकडून शापाचा जन्म, असं मिसळून दहा अवतारांची गोष्ट झाली असेल, असं मला वाटतं. वाटतं एवढंच. दोन्हींना जोडणारा दुवा मी पाहिलेला नाही.

---

बंडोपंत_कराड

तुमचं लिंगपुराण राहू द्या. आमच्या बुवांनी सांगितलं ते बरोबर निघालं ना?

---

जुनी_पोथी

या ओळीपुरतं, शंभर टक्के. 🙂

---

कावेरीकाठ

आमच्या मठात एक जुनं हस्तलिखित बाड आहे, मोडीत, मनाच्या श्लोकांवर कुणी टिपणं लिहिलेली. येत्या एकादशीला जाणार आहे. ११६ पाशी ‘शंकर’ लिहिलंय की ‘विष्णू’, बघून येतो. मोडी मला अडखळत वाचता येते, फोटो काढू दिला तर इथे टाकेन.

---

शंका_समाधान

‘विष्णू’ निघालं तर मला कळवाच. ‘शंकर’ निघालं तर जुनी_पोथींना.

---

सुमेधा_व

कावेरीकाठ, जमल्यास ११६ च्या पहिल्या ओळीचंही टिपण बघा, दहा जन्म म्हणतंय का ते. आणि जाताय तसं १२३ पण: ‘अहल्येसतीलागि आरण्यपंथें, कुडावा पुढें देव बंदीं तयांतें’. अहल्येच्या जोडीला बंदीतले देव का आले, ते कुणीतरी आत्तापासून शोधून ठेवा. दोन रविवारांनी आम्ही तिथे पोचतोय.